बाबांच्या कमरेबद्दल, थोडं लाज सोडून

ति. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर हे बोलायला लागले की तुम्ही "बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलता. म्हणून पत्र.

आमच्याकडे फिजिओथेरपीला एक शेतकरी काका येतात. विहिरीवरची मोटर उचलताना त्यांची कमर धरली. रात्री दोन्ही पायांत कळा. सकाळी संडासला गेले तर धुताना पाण्याचा गारवाच लागेना. लघवीला जोर करावा लागला, थेंबथेंब झाली. घरचे म्हणाले, प्रोस्टेट असेल. काकांनी बधिरपणाचं कुणाला सांगितलंच नाही, जागाच तशी. तिसऱ्या दिवशी कळा कमी झाल्या, सगळ्यांना हायसं वाटलं. त्याच रात्री कपडे ओले झाले. दवाखान्यात नळी घातली, तर जवळजवळ लिटरभर लघवी निघाली. मूत्राशय भरून वाहत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपते. खाली उरतो तो नसांचा जुडगा, घोड्याच्या शेपटीसारखा. 'कॉडा इक्विना' या नावाचा अर्थही तोच. त्यातल्या काही नसा लघवी, संडास आणि सायकलच्या सीटवर टेकतो त्या भागाची जाणीव सांभाळतात. मणक्यामधली मोठी गादी मधोमध सरकली की त्या दबतात. बाबा, तुमची एल-४, एल-५ मधलीच गादी सरकलेली आहे.

काकांचा एमआरआय आणि ऑपरेशन त्याच रात्री झालं. आता चालतात छान, पण लघवीसाठी दिवसातून चारदा स्वतः नळी घालावी लागते. लघवी पूर्ण तुंबण्याआधी दाब काढला तर ती पूर्ववत होण्याची आशा बरीच जास्त असते. नंतर काय वाचेल, सांगता येत नाही.

तुमची नेहमीची एका पायात जाणारी सायटिका म्हणजे हे नव्हे, तेव्हा उगाच घाबरू नका. पण दोन्ही पायांत कळा किंवा अशक्तपणा आला, धुताना स्पर्श कळेना, लघवी सुरू होईना किंवा होतेय हे जाणवेना, संडासवरचा ताबा सुटला, तर यातलं एक जरी नवीन दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका. मालिश नको, कमर ओढून घेणं नको, भरपूर पाणी पिऊन बघणंही नको. गावातल्या डॉक्टरांच्या गोळीने दुखणं थांबेल, नस मोकळी होणार नाही. एमआरआय आणि मणक्याचे सर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयात थेट अपघात विभागात जा. तिथे "कमर दुखते" एवढंच सांगितलंत तर बाकावर बसवतील. "बैठकीची जागा बधिर झालीय, लघवी अडकलीय" असं स्पष्ट म्हणा.

आई, तुझ्यावर एक काम. कमर धरली की दोन दिवस त्यांना सरळ विचार, "धुताना कळतंय ना? लघवी नीट होते ना?" चिडतील. चिडू दे. आणि मला फोन गाडीत बसल्यावर करा, आधी नको.

तुमची,
मनू