तिसऱ्या प्रश्नानंतर बसून घे

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं वादविवादाचं रेकॉर्डिंग काल रात्री ऐकलं. भाषण छान बांधलंयस. पण प्रश्नांची ती तीन मिनिटं मला ऐकवेनात. "हो की नाही, एवढंच सांगा," मग पुन्हा तेच, मग "म्हणजे तुमच्याकडे उत्तर नाही!" सभागृह हसलं, तो मुलगा गडबडला आणि गुण त्यालाच मिळाले. तू लिहितेस की तो उत्तर देतच नव्हता. मुक्ता, तो देत होता. तू घेत नव्हतीस.

वादविवादातली उलटतपासणी अमेरिकेत ओरेगन विद्यापीठाने १९२४ च्या सुमारास कोर्टावरून उचलली. पण कोर्टातलं सगळंच तिथे चालत नाही, आणि तू नेमकं न चालणारं उचललंस. आमच्याकडे उलटतपासणीच्या शेवटी वकिलाला आपली बाजू साक्षीदारापुढे ठेवावीच लागते. जबानीतलं ते वाक्य तू माझ्या फायलींमध्ये लहानपणापासून वाचलं आहेस: "हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे." साक्षीदार नाही म्हणणार हे सगळ्यांना माहीत असतं. तरी विचारावं लागतं, नाहीतर पुढे युक्तिवादात अडचण येते. वादविवादात असं कुठलंच बंधन नाही. तिथे "म्हणजे तुमचा मुद्दा चुकीचा आहे, मान्य करा" असं विचारलंस की समोरच्याला फुकटची तीस सेकंदं मिळतात. त्यात तो आपला अख्खा मुद्दा पुन्हा मांडतो, आणि तोही तुझ्या वेळात.

आता त्याच्या मुद्द्याकडे येऊ. सर्व जिल्ह्यांत दारूबंदी करावी, ही तुमची बाजू. त्याने आपल्या चंद्रपूरचं उदाहरण दिलं: १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी आली, त्यानंतर अवैध दारूचे गुन्हे कितीतरी वाढले, म्हणजे लोक जास्त पिऊ लागले, आणि म्हणूनच २०२१ मध्ये सरकारला बंदी उठवावी लागली. ऐकायला ठाम वाटतं. तू थेट शेवटच्या पायरीवर तुटून पडलीस: "म्हणजे बायकांनी मार खात राहावं का?" हा प्रश्न नव्हता, भाषण होतं. त्याच्या मुद्द्याला तू हातही लावला नाहीस.

कागदावर त्याची वाक्यं एकाखाली एक लिही. गुन्हे वाढले. लोक जास्त पिऊ लागले. या दोन ओळींमध्ये एक ओळ कोरी आहे, जी तो बोललाच नाही: नोंदलेल्या गुन्ह्यांची संख्या पिण्याचं प्रमाण दाखवते. त्याचा सगळा भार या न बोललेल्या ओळीवर आहे, आणि ती कच्ची आहे. बंदीच्या काळात आमच्या कोर्टाचा बोर्ड दारूच्या केसेसनी भरून जायचा, त्यामुळे मला ते लगेच दिसलं. पण त्यासाठी चंद्रपुरात राहायला हवं असं नाही. ३१ मार्चला परवाना असलेल्या दुकानातून बाटली विकणं धंदा होता, दुसऱ्या दिवशी तेच जिल्ह्यात कुठेही केलं तरी गुन्हा होता. त्यामुळे विक्री निम्म्यावर आली असती तरी गुन्ह्यांचा आकडा वर गेला असता. भर म्हणून पोलिसांनी छापे वाढवले की आकडा आणखी वाढतो. तो आकडा पोलिसांच्या कामाबद्दल बरंच सांगतो, गावातल्या घशांबद्दल फार थोडं.

हे सगळं तुला माहीत आहे, पण ते तू सांगायचं नाहीस. त्याच्याकडून वदवून घ्यायचं. मी असते तर असं विचारलं असतं:

"लोक जास्त पिऊ लागले याला आपण दिलेला आधार नोंदलेल्या गुन्ह्यांचा आहे, बरोबर?"

हा प्रश्न त्याला त्याच्याच वाक्यावर उभा करतो. तो "हो" म्हणेल, कारण ते त्याचंच बोलणं आहे. नाही म्हणाला तर "मग दुसरा आधार कोणता?" असं शांतपणे विचारायचं आणि तो लिहून घ्यायचा. कदाचित त्याच्याकडे खरंच दुसरा आधार असेल. तो आधी कळलेला बरा.

"मार्च २०१५ मध्ये परवानाधारक दुकानातली विक्री गुन्हा होती का?"

"नाही."

"आणि एप्रिलमध्ये तीच विक्री?"

"गुन्हा."

"म्हणजे विक्री कमी झाली तरी गुन्हे वाढू शकतात?"

इथे तो थोडा थांबेल. "शकतात, पण..." म्हणेल. त्या "पण"नंतरचं त्याला बोलू दे. वाक्य पुरं होऊ दे, मग "धन्यवाद" म्हणून दुसऱ्या मुद्द्याकडे जा. "शकतात" हा शब्द परीक्षकांच्या कागदावर गेला आहे, तुला एवढंच हवं होतं. पुढचा प्रश्न विचारायची अनावर इच्छा होते, आम्हा जुन्या वकिलांनाही होते, आणि बहुतेक उलटतपासण्या तिथेच वाया जातात.

या प्रश्नांत कुठेही टोमणा नाही, बघ. प्रत्येक प्रश्नात एकच गोष्ट आहे, आणि "हो" म्हणायला त्याला लाज वाटावी असं काही नाही. "हो की नाही" असं दरडावायची वेळ येते तेव्हा बहुधा प्रश्नातच दोन गोष्टी कोंबलेल्या असतात. "पोलिसांचा आकडा फसवा आहे हे माहीत असूनही आपण तो वापरला ना?" याला हो म्हटलं तरी तो लबाड ठरतो, नाही म्हटलं तरी मूर्ख. अशा प्रश्नाला माणूस फाटे फोडणारच, आणि परीक्षकांना त्यात त्याचा दोष दिसत नाही.

आता तो शहाणा निघाला तर? समज, तो म्हणाला, "माझे आकडे विषारी आणि हातभट्टीच्या दारूचे आहेत. ती आधीही बेकायदाच होती." हे चांगलं उत्तर आहे. तुझी शिडी तिथे मोडली. यावर आवाज चढवून उपयोग नाही. एकच प्रामाणिक प्रश्न उरतो: "आपण भाषणात दिलेल्या आकड्यात हे वेगळं काढलं आहे का?" काढलं असेल तर मुद्दा सोड, उरलेला वेळ दुसरीकडे घाल. नसेल काढलं तर तेवढंच नोंदव. काही पोरांना वाटतं की एक प्रश्न फसला की तीन मिनिटं फुकट गेली. परीक्षक उलट लक्षात ठेवतात, की या मुलीने उत्तर ऐकलं आणि आपला रोख बदलला.

उत्तर लांबवलं तर तोडायचा हक्क तुझा आहे, वेळ तुझी आहे. पण तोडण्याची पद्धत असते. त्याचं एक वाक्य संपू दे, मग म्हण, "माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, पुढे जाऊ या." मधल्या शब्दावर कापलंस तर सभागृह त्याच्या बाजूने जातं. आणि एखाद्या प्रश्नाला त्याने बगल दिली तर तो अजून सोप्या शब्दांत एकदाच विचार. दुसऱ्यांदाही बगल दिली तर सोड. पुढच्या भाषणात "हे विचारलं होतं, उत्तर आलं नाही" एवढं वाक्य पुरतं, आणि तिथे ते सभ्यही वाटतं. तिसऱ्यांदा तोच प्रश्न म्हणजे छळ, मग तो कितीही रास्त असो.

तुला कायद्यातलं कलम आवडेल म्हणून सांगते. अपमान करायला किंवा सतावायला विचारलेला प्रश्न न्यायाधीशाने रोखायचा असतो, हे तू वाचलंच असशील: पुरावा कायद्यात कलम १५२, आताच्या भारतीय साक्ष अधिनियमात १५५. त्यात पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. प्रश्न मुळात योग्य असला, तरी त्याची मांडणी विनाकारण बोचरी असेल तर तोही रोखायचा. वादविवादात कुणी रोखत नाही, गुण कापतात.

आणि कृपा करून त्याच्याकडे वळून उभी राहू नकोस. दोघांनीही परीक्षकांकडे तोंड करून बोलायचं असतं. रेकॉर्डिंगमध्ये तुझा आवाज मध्येच बारीक होतो, म्हणजे तू त्याच्याकडे वळली होतीस. भांडण तिथूनच सुरू होतं. तुझे बाबा म्हणतात हे माझ्याकडून आलंय, त्यावर मी काही बोलणार नाही.

कोर्टात आणि वादविवादात दुसरा फरक मोठा आहे. कोर्टात जबानी लिहिली जाते, न्यायाधीशाची सही होते, आणि युक्तिवाद महिन्यांनी झाला तरी ते उत्तर जागचं हलत नाही. तुझ्याकडे मात्र तू स्वतः बोलशील तेवढंच उरतं. "शकतात" हे उत्तर मिळवून तू पुढच्या भाषणात त्याचा उल्लेखही केला नाहीस, तर ते मिळालंच नाही असं समज. म्हणून उत्तर त्याच्या शब्दांत लिहून घे. भाषणात म्हण: "माझ्या प्रतिस्पर्ध्यांनी मान्य केलं की विक्री घटली तरी गुन्हे वाढू शकतात. मग गुन्ह्यांच्या आकड्यावरून लोक जास्त पिऊ लागले असं म्हणता येत नाही." पुरे.

पुढचं एक पाऊल मात्र टाकू नकोस, आणि मला तुझी भीती तिथेच वाटते. त्याचा आधार निसटला म्हणून "चंद्रपुरात लोक कमी पिऊ लागले" हे सिद्ध होत नाही. गुन्ह्यांच्या आकड्याने त्याचं म्हणणं सिद्ध होत नाही, तसंच तुझंही होत नाही. तू भाषणात म्हणालीस, "बंदीनंतर जिल्ह्यातली नोंदलेली विक्री शून्यावर आली." अगं, दुकानंच बंद केली तर नोंद कुठून येणार? शेजारच्या जिल्ह्यातून किती बाटल्या आल्या याची पावती कुणी ठेवत नाही. तुझ्या ओळींमध्येही तशीच एक कोरी ओळ आहे: नोंद म्हणजे पिणं. त्या मुलाने तुला हे विचारलं नाही, हे तुझं नशीब.

उपांत्य फेरीत विचारतील. म्हणून शनिवारपर्यंत त्याच्या जागी बसून तुझ्या भाषणावर चार प्रश्न लिही. घरेलू हिंसेचा मुद्दा तू कशाच्या आधारावर मांडतेस, तिथून सुरू कर; तक्रारी घटल्या म्हणजे मारहाण घटली असं तू गृहीत धरलं आहेस, हे मला ऐकतानाच खटकलं. वर्धा आणि गडचिरोलीची उदाहरणं घेणार असशील तर वर्ष नीट सांग. वर्ध्यात बंदी १९७५ पासून आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. तू दोन्ही एकत्र करून टाकलंस. शनिवारी रात्री फोन कर. प्रश्न मी विचारीन, तू उत्तरं दे, आणि तीन मिनिटांचं घड्याळ बाबा लावतील.

तुझी,
आई