प्ले ग्रुपच्या नोंदणीत फायरचा कागद कुठे आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

2025 मध्ये शालेय शिक्षण विभागाने खाजगी बालवाड्या, प्ले ग्रुप, नर्सरी वगैरे सगळ्यांना education.maharashtra.gov.in वर माहिती भरायला सांगितली, ते चांगलंच झालं. तोवर आपल्याकडे तीन ते सहा वयाच्या मुलांच्या खाजगी वर्गांची शासनाकडे नीट यादीसुद्धा नव्हती, कारण 2009 चा शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांपासून सुरू होतो आणि त्याखालच्या वयासाठी त्यात शासनाने व्यवस्था करावी एवढंच म्हटलंय, मान्यतेची सक्ती नाही. मी बालवाडीत शिकवायचे, आता रिटायर झाल्यावर ओळखीच्या बायकांना त्यांचे वर्ग सुरू करताना कागदपत्रांत मदत करते. त्या अनुभवावरून लिहितेय, कारण पोर्टलवर माहिती भरली म्हणजे शाळा सुरक्षित आणि सरकारमान्य झाली असा समज सगळीकडे पसरलाय आणि तो धोकादायक आहे.

एका ताईंचं उदाहरण सांगते. उपनगरातलं रो हाऊस भाड्याने घेतलं, खाली हॉल आणि दोन खोल्या, छत्तीस मुलं, दोन टीचर, दोन मावशी. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाच्या प्ले स्कूलसाठीच्या गाइडलाइन्समध्ये वीस मुलांमागे एक टीचर आणि एक मदतनीस असा हिशोब आहे, म्हणजे त्या बाबतीत त्या बरोबर होत्या. पुढच्या वर्षी सीनियर केजी वाढली म्हणून वरच्या मजल्यावरची खोली घेतली. मी फाईल उघडली तर शॉप ॲक्टची पावती, अकरा महिन्यांचा करारनामा, फायर एक्स्टिंग्विशरचं बिल आणि टीचरचे सर्टिफिकेट एवढंच. ताईंना वाटत होतं सगळं आहे.

आता एकेक कागद बघू. शॉप ॲक्टची पावती म्हणजे तुम्ही इथे धंदा करता हे कळवल्याची पोच, दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर 2017 च्या कायद्यात फक्त कळवायचंच असतं, कोणी येऊन जागा बघत नाही. करारनाम्यात लिहिलं होतं "राहण्यासाठी" आणि फक्त तळमजला. म्हणजे वरच्या खोलीत बसणाऱ्या मुलांची जागा कुठल्याच कागदावर नव्हती! घरमालक चांगले होते, त्यांनी शाळेसाठी आणि दोन्ही मजले असा नवा करार करून दिला, पण मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र मागितलं तर त्यात वापर "निवासी" होता, मग महापालिकेच्या बांधकाम विभागात विचारायला गेलो. आधी इथूनच सुरुवात करायला हवी होती असं मला वाटतं, कारण अग्निशमनवाले सगळ्यात आधी मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्रच मागतात आणि ते नसेल तर पुढचं सगळं अडकून बसतं. जागा ठरवण्याआधी, डिपॉझिट देण्याआधी, हे दोन कागद मालकाकडून बघून घ्या.

खरी गडबड फायरच्या कागदात आहे. दुकानातून दोन सिलिंडर आणले, भिंतीला लावले आणि बिल फाईलला लावलं की झालं असं बहुतेक जणांना वाटतं, पण बिल हे सर्टिफिकेट नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा 2006 प्रमाणे इमारतीत आगीची यंत्रणा लावणं आणि चालू स्थितीत ठेवणं ही मालक किंवा ती जागा वापरणाऱ्याची जबाबदारी आहे. काम लायसन्स असलेल्या एजन्सीकडून करून घ्यायचं, ती फॉर्म ए मध्ये लिहून देते की सगळं नियमाप्रमाणे बसवलंय. त्यानंतर दरवर्षी जानेवारी आणि जुलै असं दोनदा फॉर्म बी द्यायचा, यंत्रणा चालू आहे म्हणून. फॉर्म ए एकदाच करून लोक विसरतात, फॉर्म बी तर बऱ्याच जणींनी ऐकलेलाच नसतो. कागद खरा का ते बघायचं असेल तर एजन्सीचा लायसन्स नंबर आहे का, तुमच्याच जागेचा पूर्ण पत्ता आहे का आणि मजला लिहिलाय का ते बघा. ताईंच्या बिलावर दुकानाचं नाव होतं, शाळेचा पत्ताच नव्हता! अर्थात काय काय बसवायचं ते इमारतीची उंची, मजले, वापर यावर ठरतं, म्हणून शेजारच्या शाळेचं बघून सामान घेऊ नका.

आणि कागद बरोबर असूनही जागा चुकू शकते. ताईंच्या जिन्याला वरून सरकतं लोखंडी गेट होतं, मुलं पळून जाऊ नयेत म्हणून वर्ग सुरू असताना कुलूप, किल्ली खाली मावशीकडे. वर आग लागली असती तर? बाहेर पडायचं दार आतून, किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे हा साधा नियम आहे, राष्ट्रीय इमारत संहितेतही तेच आहे. आम्ही कुलूप काढून मोठ्यांच्या हाताच्या उंचीवर कडी लावली, मुलांचा हात पोचत नाही पण टीचरला एका झटक्यात उघडता येते. वरच्या मजल्याला दुसरा रस्ताच नव्हता म्हणून सीनियर केजी शेवटी खालीच आणली आणि बॅच सकाळ-दुपार केल्या. जागा कमी पडली, फी बुडाली, तरी मला तेच बरोबर वाटतं. 16 जुलै 2004 ला तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत आग लागली आणि 94 मुलं गेली, स्वयंपाकघरातली ठिणगी गवताच्या छताला लागली आणि मुलांना अरुंद जिन्यावरून बाहेर पडता आलं नाही. त्यानंतर सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये अविनाश मेहरोत्रा खटल्यात सगळ्या शाळांना इमारत संहितेतले सुरक्षेचे नियम पाळायला सांगितलं. तीन वर्षाच्या मुलाला जिना उतरायला किती वेळ लागतो हे बालवाडीत काम केलेल्या कोणालाही विचारा.

स्टाफबद्दल थोडक्यात. पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला टीचरचा असतो, पण मावशी, वॉचमन आणि व्हॅनवाले काका यांचा नसतो, आणि मुलांना टॉयलेटला नेणारी माणसं तर हीच. बदलापूरच्या प्रकारानंतर ऑगस्ट 2024 मध्ये शासनाने शाळांना जीआर काढून सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांच्या पडताळणीबद्दल सांगितलं, ते प्ले ग्रुपवाल्यांनीही मनावर घ्यायला हवं. नवीन माणूस मधेच लागला की त्याचा दाखला येईपर्यंत त्याला मुलांसोबत एकटं सोडायचं नाही, एवढं तर लगेच करता येतं.

माझी विभागाला विनंती अशी की पोर्टलवर फॉर्म बी ची तारीख, एजन्सीचा लायसन्स नंबर आणि भोगवटा पत्रावरचा वापर भरायला लावा, आणि जागेचा पत्ता मजल्यासकट घ्या. सोबत छोट्या, एक-दोन खोल्यांच्या वर्गांना महापालिकेत एकाच खिडकीवर वापर आणि फायर दोन्ही विचारता येईल अशी सोय करा, नाहीतर ही बायका माणसं कागदापासून लांब पळतील आणि वर्ग लपून चालवतील. आणि पालकांनी ॲडमिशन घेताना फीबरोबर या जुलैचा फॉर्म बी दाखवा असं बिनधास्त विचारावं, ज्यांच्याकडे आहे ते लगेच दाखवतात.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, पुणे