रविवारच्या क्रेपचं माप

तीर्थरूप आईस सा. नमस्कार.

रविवारी पोह्यांऐवजी क्रेप करायचे म्हणतेस, म्हणून इथे फ्रान्समध्ये घरोघरी चालतं ते माप कळवते. एका माणसाला साठ ग्रॅम मैदा, सव्वाशे मिली दूध आणि एक अंडं. यात मध्यम आकाराचे तीन क्रेप होतात.

तुम्ही चौघं मोठे, शिवाय दादाची दोन मुलं. दोन मुलांचा मिळून एक वाटा धर, म्हणजे पाच वाटे: ३०० ग्रॅम मैदा, ६२५ मिली दूध, पाच अंडी, चिमूटभर मीठ आणि दोन चमचे पातळ केलेलं लोणी. पंधराएक क्रेप होतील. मैदा मात्र काट्यावरच मोज. वाटी दाबून भरली की हलकी, यावर वजन बरंच बदलतं.

दूध तापवून पूर्ण गार कर आणि साय काढून टाक. गरम दुधात अंडं शिजतं, सायीचे तुकडे पिठात राहतात. आधी मैद्यात अंडी आणि थोडंसंच दूध घालून घट्ट पीठ घोट. गुठळ्या घट्ट पिठातच मोडतात, पातळ झाल्यावर त्या तरंगत राहतात. मग उरलेलं दूध हळूहळू ओत आणि शेवटी लोणी घाल.

त्यानंतर किमान अर्धा तास पीठ झाकून ठेव. घोटल्याने मैद्याला आलेला चिवटपणा तेवढ्यात सैल पडतो. घाई केली तर क्रेप आक्रसतो आणि रबरासारखा लागतो. शनिवारी रात्री सराफ्यात जायच्या आधी कालवून फ्रिजमध्ये ठेवलंस तरी चालेल, सकाळी फक्त ढवळायचं. मैदा दूध पितो, त्यामुळे पीठ थोडं दाटलेलं असेल. पळी बुडवून तिच्या पाठीवर बोटाने रेघ ओढ. रेघ राहिली पण पीठ सहज ओघळलं, तर बरोबर. रेघ लगेच बुजली तर पीठ पातळ आहे, चमचाभर मैदा थोड्या पिठात कालवून घाल. ओघळतच नसेल तर दोन चमचे दूध.

नॉनस्टिक डोशाचा तवा चांगला तापू दे, लोणी पुसून घे आणि पळीभर पीठ ओतून लगेच तवा फिरव. धिरड्यासारखं पळीने पसरायचं नाही. कडा तांबूस होऊन सुटल्या की उलट. पहिला क्रेप तवा जोखण्यापुरता. चिकटला तर आच कमी आहे, पिठाला दोष देऊ नकोस.

वर साखर आणि लिंबू पिळून बघ. बाबांना गोड नकोच असेल तर चीज घालून वर जिरावण भुरभुर, मी इथे तसंच खाते.

आजी अंडं खात नाही. नुसतं अंडं वगळून याच मापाने करू नकोस, अंड्याशिवाय पीठ धरून राहत नाही आणि उलटताना फाटतं. तिला आपलं बेसनाचं धिरडंच कर, आणि तेही आधी, वेगळ्या तव्यावर.

मुलांना जाड, फुगलेले पॅनकेक हवे असतील तर माणशी साठ ग्रॅम मैद्याला ऐंशी मिली दूध, अर्धं अंडं आणि अर्धा चमचा बेकिंग पावडर. ते पीठ मात्र रात्री कालवून ठेवू नकोस, फुगवटा निघून जातो.

तुमच्याकडचा मैदा किती दूध पितो ते मला फोनवर सांग, त्याप्रमाणे माप पक्कं करू.

तुझी,
धाकटी