मूल बसमध्ये चढले नाही, हे पालकांना किती मिनिटांत कळेल? परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय परिवहनमंत्री महोदय,

स.न.वि.वि.

शालेय बसमध्ये मुलांच्या चढ-उताराची नोंद सक्तीची करायची ठरते, तेव्हा नियमांत बहुधा यंत्रांची यादी येते: जीपीएस, कार्ड वाचणारे यंत्र, पालकांसाठी मोबाइल अ‍ॅप. ही यादी पूर्ण करणाऱ्या बसमधूनसुद्धा एखादे मूल मागे राहू शकते आणि तासभर कोणाला त्याचा पत्ता लागत नाही. मुलाने कार्ड टॅप केले की यंत्र नोंद करते. टॅप झालेच नाही, तर यंत्राच्या दृष्टीने काही घडलेलेच नसते, मग ते कळवणार काय? ‘चढले नाही’ हे कळण्यासाठी आधी दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: आज या फेरीला कोणकोण येणार होते आणि ती वाट पाहणे नेमके कधी संपले. नियमांत नेमक्या याच दोन गोष्टी लिहायच्या राहून जातात. त्यासाठी हे पत्र.

सकाळच्या आणि दुपारच्या फेरीला एकच नियम लावता येत नाही. सकाळी थांब्यावर मूल आले नाही, तर ते बहुधा घरीच असते आणि पालकांना ते माहीत असते. धोका असतो तो एकटे चालत थांब्यावर येणाऱ्या किंवा ज्याला थांब्यावर सोडून पालक पुढे निघून गेले आहेत अशा मुलाचा. तिथे बस थांबून राहू शकत नाही आणि चौकशी करायला शाळेचे कोणी हजर नसते. म्हणून बसने थांबा सोडताच, दोन मिनिटांच्या आत, थेट पालकांना कळवले पाहिजे. दुपारी उलट असते. पालक घरी किंवा कामावर असतात, मूल शाळेच्या ताब्यात असते आणि ते बसमध्येच असेल असे दोन्हीकडचे लोक गृहीत धरतात. आमच्या मते नियमांचा सगळा भर या दुपारच्या फेरीवर असायला हवा.

एक उदाहरण पायरीपायरीने पाहू. बस क्रमांक 7, नोंदणी 38 मुलांची, शाळा सुटणार 3:30 ला आणि बस फाटकातून निघणार 3:45 ला. सकाळच्या वर्गहजेरीत तीन मुले गैरहजर आहेत. दोघांच्या पालकांनी ‘आज आम्ही न्यायला येतो’ असे कळवले आहे. म्हणजे दुपारच्या यादीत 33 नावे उरली. ही वजाबाकी आपोआप झाली पाहिजे. वर्गहजेरी एका ठिकाणी आणि बसची यादी दुसऱ्या ठिकाणी असेल, तर गैरहजर मुलांच्या घरी रोज दुपारी उगाच फोन जातील.

3:40 ला टॅप झाले आहेत 31. मदतनीस ताईंच्या फोनवर उरलेली दोन नावे दिसतात. आता त्यांनी आसनांवरची डोकी मोजायची. ती भरतात 32. याचा अर्थ एक मूल कार्ड न लावता आत बसले आहे आणि एक खरोखर नाही. त्या दोन्ही नावांनी हाक मारतात. एक मुलगा ‘आहे’ म्हणतो; त्याचे कार्ड घरी राहिले आहे. त्याच्या नावापुढे ‘कार्ड नाही, प्रत्यक्ष पाहिले’ अशी वेगळी नोंद होते आणि ती कोणी केली हेही राहते. दुसरे नाव आर्याचे, सहावी ब. ताई ‘सापडत नाही’ दाबतात, तसा 3:41 ला वर्गशिक्षक आणि फाटकावरचा कर्मचारी या दोघांचे फोन वाजतात. मधल्या चार मिनिटांत स्वच्छतागृह, मैदान आणि शेजारच्या बस पाहून होतात. बहुतेक वेळा मूल तिथेच सापडते, म्हणून 3:40 लाच पालकांना घाबरवण्याची गरज नसते. पण 3:45 ला बस फाटकातून बाहेर पडली आणि आर्या सापडलेली नसेल, तर त्याच मिनिटाला घरी कळले पाहिजे. शोध चालू आहे म्हणून कळवणे लांबवण्याचा अधिकार शाळेला नसावा.

या पाच मिनिटांत गोंधळ होतो तो बहुतेकदा दोन कारणांनी. पालक न सांगता मुलाला फाटकावरून घेऊन जातात. म्हणून फाटकावरच्या माणसाच्या हातात तीच यादी हवी, म्हणजे त्याने नोंद करताच ते नाव बसच्या यादीतून निघेल. किंवा मूल मैत्रिणीबरोबर दुसऱ्याच बसमध्ये बसते. प्रत्येक बसचे यंत्र फक्त आपल्याच मुलांची कार्डे ओळखत असेल, तर बस 4 मध्ये ‘अनोळखी कार्ड’ असा आवाज येतो आणि बस 7 वाले शाळाभर शोधत बसतात. सर्व बसची यादी एकच असेल, तर आर्या बस 4 मध्ये आहे हे टॅप होताच कळते.

आता यंत्रणेतल्या सर्वांत फसव्या दोषाकडे वळतो. सर्व्हरपर्यंत टॅप पोहोचला नाही, याची दोन कारणे असू शकतात: मूल आले नाही, किंवा मूल आले पण नेटवर्क गेले. सर्व्हरवर दोन्ही सारखेच दिसते. नेटवर्क नसलेल्या भागात बस उभी असेल, तर 33 घरांना एकदम ‘चढले नाही’ असा संदेश जाऊ शकतो. तसे एकदा झाले की पुढच्या खऱ्या संदेशावर कोणी विश्वास ठेवत नाही. उपाय अवघड नाही. यंत्राने प्रत्येक टॅपला क्रमांक द्यावा, नेटवर्क नसताना नोंदी स्वतःकडे साठवाव्यात, दर 30 सेकंदांनी ‘चालू आहे’ असा संकेत पाठवावा आणि फाटक सोडताना एक समारोपाची नोंद पाठवावी: ‘निघालो, एकूण टॅप 31’. सर्व्हरकडे 1 ते 31 सगळे क्रमांक आले असतील, तरच उरलेल्या नावांना ‘चढले नाही’ म्हणायचे. तिसावा क्रमांक आला नसेल किंवा संकेतच थांबला असेल, तर मिनिटभर वाट पाहून शाळेच्या वाहतूक प्रमुखाला फोन जावा आणि त्याने ताईंकडून तोंडी मोजणी घ्यावी. यंत्राची शांतता हा मुलाच्या गैरहजेरीचा पुरावा नाही, हे वाक्य नियमांत जसेच्या तसे यावे अशी आमची विनंती आहे.

चुका दोन प्रकारच्या होतात आणि त्यांचे वजन सारखे नसते. बसमध्ये असलेले मूल ‘चढले नाही’ असे दाखवले गेले, तर घरचे पाच मिनिटे हवालदिल होतात. हा त्रास लहान नाही. पण न चढलेले मूल ‘चढले’ असे दाखवले गेले, तर त्याला कोणी शोधायलाच निघत नाही. म्हणून दुसऱ्या चुकीला वाव देणारी प्रत्येक सोय नियमाने बंद करावी. मदतनीसाने सगळ्यांची कार्डे गोळा करून एकामागोमाग लावणे त्यात आले. ‘सर्व उपस्थित’ हे एकच बटण त्यात आले. दुरून वाचली जाणारी यूएचएफ कार्डेही त्यातच येतात. ती काही मीटरवरून वाचली जात असल्याने दारापाशी उभे राहून निरोप घेणारे मूलही आत गेल्याचे धरले जाते. शिवाय कार्ड अंगाशी दाबले गेले तर ते वाचलेच जात नाही, कारण शरीरातले पाणी या लहरी शोषून घेते. 13.56 मेगाहर्ट्झचे, काही सेंटिमीटरवरून वाचले जाणारे साधे कार्ड इथे जास्त भरवशाचे. दारात एकेक मुलाला क्षणभर थांबावे लागते, पण ते थांबणेच उपयोगाचे आहे.

उतरण्याच्या नोंदीतही हीच चूक जीव घेते. जपानमधील माकिनोहारा शहरात सप्टेंबर 2022 मध्ये तीन वर्षांची मुलगी बालवाडीच्या बसमध्येच राहून गेली आणि उष्माघाताने दगावली. ती वर्गात नाही हे शिक्षकांना दिसले होते, पण घरी विचारले गेले नाही. त्यानंतर तिथल्या सरकारने एप्रिल 2023 पासून अशा बसमध्ये सुरक्षा यंत्र सक्तीचे केले. त्यांतल्या एका प्रकारात इंजिन बंद होताच भोंगा वाजतो आणि तो थांबवण्याचे बटण दाबायला मागच्या टोकापर्यंत चालत जावे लागते. त्या चालण्यात प्रत्येक आसन नजरेखालून जाते. आपल्या नियमांत हे बटण हवेच. त्यासोबत सकाळी ‘चढले’ अशी नोंद असलेले मूल वर्गहजेरीत नसेल, तर पहिला तास संपण्याआधी घरी फोन जाणे बंधनकारक असावे.

खोट्या संदेशांचा हिशेबही नियम करण्याआधी मांडायला हवा. 38 मुले, दिवसाला दोन फेऱ्या, म्हणजे 76 वेळा चढणे. समजा त्यांत शंभरात दोनदा कार्ड विसरले गेले किंवा वाचले गेले नाही. तर एका बसमागे रोज सरासरी दीड खोटा संदेश निघेल. शाळेच्या 200 दिवसांत ते 304 होतील, म्हणजे एका घरी वर्षाला आठ. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून पालक ‘कार्ड विसरली असेल’ म्हणून फोन खिशात ठेवतील. वर सांगितलेली डोकेमोजणी यांतले जवळपास सगळे संदेश निघण्याआधीच अडवते. म्हणून मदतनीसाशिवाय नुसत्या यंत्रावर चालणारी बस नियमांत बसू देऊ नये.

संदेश पोहोचवण्याची रीतही ठरवून द्यावी. रोजचे ‘चढली’, ‘उतरली’ हे संदेश पालक काही दिवसांत आवाज बंद करून ठेवतात. ‘चढली नाही’ हा संदेशही त्याच ओळीत आला, तर तोही न वाचता पडून राहतो. म्हणून त्यासाठी आपोआप लागणारा फोन असावा, आधी एका पालकाला, दोन मिनिटांत उत्तर नाही तर दुसऱ्याला, आणि सोबत एसएमएस. देवनागरीतल्या एका एसएमएसमध्ये 70 चिन्हे मावतात. त्यांत काना, मात्रा आणि पाय मोडण्याचे चिन्हही स्वतंत्र धरले जाते. मजकूर त्याहून लांबला तर संदेशाचे तुकडे होतात. ‘आर्या (6ब) 3:45 च्या बस 7 मध्ये चढली नाही. शाळेत शोध चालू.’ आणि त्यापुढे शाळेतल्या जबाबदार व्यक्तीचा दहा अंकी क्रमांक, एवढे 69 चिन्हांत बसते. तो क्रमांक उचलणारा माणूस मूल सापडेपर्यंत शाळेतून हलणार नाही, हेही नियमाने ठरावे. मुलांच्या हालचालींच्या या नोंदी ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जाव्यात आणि ठेकेदाराला इतर कामासाठी वापरता येऊ नयेत, हे वेगळे सांगायला नको.

शेवटची मागणी तपासणीची आहे. आज तपासणी म्हणजे यंत्र बसवले आहे का, दिवा लागतो का, एवढेच पाहणे. त्याऐवजी अधिकाऱ्यांनी आगाऊ सूचना न देता दुपारी शाळेत यावे, पालकांच्या संमतीने एका मुलाला बसमध्ये चढू न देता कार्यालयात बसवून ठेवावे आणि बस निघाल्यापासून त्या घरचा फोन वाजेपर्यंतचा वेळ मोजावा. दुसऱ्या एखाद्या दिवशी यंत्राचे सिमकार्ड काढून तीच फेरी पाहावी: त्या वेळी एकाही पालकाला खोटा संदेश जाता कामा नये आणि वाहतूक प्रमुखाला फोन आलाच पाहिजे. बसचा परवाना नूतनीकरणाला आला की या दोन चाचण्यांची मिनिटे अर्जाला जोडणे सक्तीचे करावे, ही विनंती.

आपले,
शालेय बस वाहतूक आणि हजेरी यंत्रणांवर काम करणारे तंत्रज्ञ व व्यवस्थापक