शुभेच्छांच्या मसुद्याबद्दल

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

खातेदारांना वर्षअखेरीस पाठवायच्या शुभेच्छांचा तुझा मसुदा मिळाला. शाखा हातात आल्यावर पहिल्याच वर्षी तुला हे सुचलं याचा मला फार आनंद झाला. मसुद्यात मायेने लिहिलेलं बरंच आहे, पण त्यात तीन ठिकाणी बँक काहीतरी मागते आहे. तेवढं काढलंस की काम झालं.

पहिली जागा मुदत ठेवीच्या नव्या व्याजदराची. ती ओळ आली की वाचणाऱ्याला वरच्या शुभेच्छा म्हणजे जाहिरातीची प्रस्तावना वाटते. दर सूचनाफलकावर लावच, फक्त इथे नको. दुसरी जागा 'पुढील वर्षीही सेवेची संधी द्यावी'. या ओळीचं आपल्या हाताला इतकं वळण पडलेलं आहे की त्यात मागणी आहे हे लक्षातच येत नाही. आभार मानून झाले की तिथेच थांब.

तिसरी जागा ॲपच्या लिंकची, आणि हिच्याबद्दल मी हट्टच धरेन. बँकेच्या नावाने आलेल्या मेसेजमधल्या लिंकवर बोट लावू नका, असं आपण काउंटरवर रोज सांगतो. मग आपणच गोड शब्दांबरोबर लिंक पाठवली तर फसवणारा हुबेहूब तसाच मेसेज बनवेल आणि एखाद्या आजोबांना तो खराच वाटेल. म्हणून लिंक नको, फोन नंबर नको, खाते क्रमांकाचे शेवटचे आकडेही नकोत. मेसेज बँकेच्या नेहमीच्या नावाने जाऊ दे, तुझ्या मोबाईलवरून नको.

आता लांबी. देवनागरी एसएमएसच्या एका भागात 70 चिन्हं मावतात, आणि मजकूर वाढला की प्रत्येक भागात 67. यात काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'शुभेच्छा' आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत त्याची आठ चिन्हं होतात. तुझा मसुदा त्यामुळे बऱ्याच भागांत जाईल, आणि साध्या फोनवर कधी कधी ते भाग मागेपुढे पोहोचतात. मी असा केला आहे:

'नमस्कार. यंदा गर्दीच्या दिवसांतही आपण शाखेत धीराने सहकार्य केलंत, त्याबद्दल आभार. नववर्षाच्या शुभेच्छा.'

खाली तुझं नाव आणि शाखेचं नाव आटोपशीर लिहिलंस तर हे दोन भागांत बसतं. 'आमचे मूल्यवान ग्राहक' काढून मी गर्दीचे दिवस मुद्दाम घातले. पेन्शनच्या तारखेला रांगेत उभी राहिलेली माणसं, सिस्टिम बंद पडली तेव्हा न चिडता बाकावर बसून राहिलेली माणसं तुला आठवतात ना? आभार त्यांचे आहेत, तर ते त्यांना ओळखू येऊ देत.

मजकुरापेक्षा जास्त वेळ यादीला दे. खात्यांच्या यादीवरून पाठवलंस तर बचत खातं, संयुक्त खातं आणि मुलाचं खातं असलेल्या घरी एकाच मोबाईलवर तोच मेसेज तीनदा जाईल. म्हणून यादी मोबाईल नंबरवरून काढ, एक नंबर एकदाच.

आणि मृत खातेदार. वारसांचा दावा अजून निकाली निघालेला नसतो, खातं यादीत असतं आणि नोंदवलेला फोन बहुतेकदा पत्नीच्या किंवा मुलाच्या हातात असतो. नवऱ्याच्या नावाचा शुभेच्छांचा मेसेज त्या बाईला कसा वाटेल याचा विचार कर. यादी पाठवण्याआधी दाव्यांचं काम पाहणाऱ्या सहकाऱ्याला शेजारी बसव आणि प्रलंबित दाव्यांची नावं एकेक करून काढ. मेसेजमध्ये खातेदाराचं नाव न घालण्याचं हेही एक कारण आहे: कळवायचं राहून गेलेला एखादा मृत्यू असतोच.

थकीत कर्जदारांना मात्र वगळू नकोस. त्यांनाही तोच मजकूर, तेच शब्द, हप्त्याचा उल्लेख नाही. वसुलीचं पत्र वेगळ्या दिवशी जाईल.

दिवसाचं म्हणशील तर 31 तारीख टाळ. त्या दिवशी व्याज जमा झाल्याचे आणि कपातीचे मेसेज येत असतात, त्यांत हा हरवेल. एकदोन दिवस आधी, सकाळी शाखा उघडल्यानंतर पाठव. हाच मजकूर मोठ्या टायपात छापून पासबुक छपाईच्या खिडकीशी लाव, कारण मेसेज न वाचणारे तिथेच थांबतात. पण त्या कागदावर बाजूला विम्याचं पत्रक चिकटवू देऊ नकोस, कोणी कितीही आग्रह केला तरी.

सुधारलेला मसुदा वरच्या कार्यालयात मंजुरीला पाठवशील तेव्हा एक प्रत मलाही पाठव. तिथून कोणी योजनेची ओळ घालायला सांगितलं तर मला फोन कर, काय उत्तर द्यायचं ते दोघं मिळून ठरवू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनय