फॉलोऑन द्यायचा की नाही, यावर तुला उत्तर

प्रिय सुधीर,

तुझं पत्र मिळालं. दिल्ली कसोटीवरचा आपला वाद फोनवर अर्धवट राहिला होता, तो तू लेखी पुरा केलास हे बरं झालं. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. तुझं म्हणणं सरळ आहे. 200 ची आघाडी मिळाली की फॉलोऑन द्यायचाच, म्हणजे आपण न खेळता समोरच्यालाच लगेच पुन्हा फलंदाजीला उतरवायचं, तो संघ खचलेला असताना त्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. आणि शुभमन गिलने ऑक्टोबर 2025 मध्ये वेस्ट इंडिजला फॉलोऑन दिला, आपण सात गडी राखून जिंकलो, मग माझी कुरकुर कशाला?

कुरकुर निकालाबद्दल नाही. तू आघाडीचा आकडा बघतोस. मी आधी दोन गोष्टी बघतो : गोलंदाजांनी किती षटकं टाकलीत, आणि शेवटचा गडी दिवसाच्या कोणत्या वेळी पडला. आघाडी त्यानंतर.

दिल्लीचंच घेऊ. भारत 5 बाद 518 वर डाव घोषित. वेस्ट इंडिज 248, म्हणजे आघाडी 270. त्यासाठी आपल्या गोलंदाजांनी जवळजवळ 82 षटकं टाकली होती आणि डाव संपला तिसऱ्या दिवशी, भर दुपारी. लगेच दहा मिनिटांत पुन्हा मैदानात. रात्रीची झोप नाही, पाय पसरून बसायला एक सत्रही नाही. त्यात खेळपट्टी संथ, चेंडू उसळत नव्हता आणि फिरकी घेत होता तोही आळसावून. 35 वर दोन गडी गेले तेव्हा तू मला मेसेज केला होतास, आठवतंय? त्यानंतर कॅम्पबेल आणि होप यांनी 177 धावांची भागी केली, दोघांची शतकं झाली. चौथ्या दिवशी दहाव्या जोडीने आणखी 79 धावा जोडून आपला घाम काढला. दुसरा डाव 390, जवळजवळ 119 षटकं. दोन्ही डाव मिळून आपण सलग 200 षटकं टाकली, आणि मग 121 धावांसाठी पुन्हा पॅड बांधावे लागले.

आता दुसरा रस्ता मांडून बघ. पाच दिवसांची मिळून 450 षटकं. वेस्ट इंडिजचा पहिला डाव संपला तेव्हा निम्मी, सव्वादोनशेच्या आसपास, शिल्लक होती. पावसाची चिन्हं नव्हती. गिलने चाळीस षटकं फलंदाजी करून साडेचारच्या गतीने 180 धावा काढल्या असत्या, तर आघाडी 450 झाली असती आणि तरीही समोरच्याला बाद करायला 180 च्या वर षटकं उरली असती. बुमराह-सिराज संध्याकाळभर ड्रेसिंग रूममध्ये पाय वर करून बसले असते. कुलदीपने पहिल्या डावात पाच बळी घेतले होते, त्याच्या खांद्याला आणि बोटांनाही आराम मिळाला असता. आणि खेळपट्टीवर आपल्याच फलंदाजांची आणि त्यांच्या गोलंदाजांची आणखी चाळीस षटकांची वर्दळ झाली असती.

हा शेवटचा मुद्दा तू नेहमी उडवून लावतोस. फॉलोऑन दिला की तू प्रतिस्पर्ध्याला तिसऱ्या दिवसाची खेळपट्टी देतोस आणि पाचव्या दिवसाची स्वतःकडे ठेवतोस. फलंदाजीला! वेगवान गोलंदाजाच्या बुटांनी उजव्या यष्टीच्या बाहेर पडलेले खड्डे, वाळून रुंदावलेल्या भेगा, घोट्याएवढा राहणारा चेंडू, हे सगळं चौथ्या डावात खेळणाऱ्याच्या वाट्याला येतं. त्यात नियमाने फलंदाजी करणाऱ्या कर्णधाराला डाव सुरू होण्याआधी आणि रोज सकाळी सात मिनिटांपर्यंत रोलर फिरवून घेता येतो. म्हणजे फॉलोऑन मिळालेला कर्णधार आधी जड रोलर मागवून सैल झालेला पृष्ठभाग दाबून घेतो, तुझ्या दमलेल्या गोलंदाजांसमोर. मला याची गंमत वाटते. दंड त्याला झालाय आणि रोलरही त्याच्याच हातात.

मेलबर्न 2018 बघ. कोहलीकडे 292 ची आघाडी होती, दिल्लीहून जास्त. ऑस्ट्रेलियाचा डाव 151 वर आटोपला होता आणि बुमराहने 33 धावांत सहा बळी घेतले होते. तुझ्या हिशेबाने याहून खचलेला संघ कुठला? पण त्या डावात आपल्या गोलंदाजांनी 67 षटकं टाकली होती, आणि चेंडू आताच खाली राहू लागला होता. कोहलीने फॉलोऑन दिला नाही. दुसऱ्या डावात कमिन्सने आपले धडाधड सहा बळी काढले आणि आपण 8 बाद 106 वर डाव सोडला. तू तेव्हा कोहलीला शिव्या घालत होतास. पण हिशेब कर : ती पडझड सगळी मिळून 38 षटकांची. तेवढ्यात गोलंदाजांना एक संध्याकाळ, एक रात्र आणि पुढची सकाळ मिळाली. लक्ष्य झालं 399, आणि ज्या खेळपट्टीवर आपणच 106 ला आठ गमावले तिथे ऑस्ट्रेलियाला ते करायचं होतं. 261 मध्ये आटोपले. आपली ती घसरगुंडी हाच तर खेळपट्टी किती बिघडलीय याचा पुरावा होता. पाचव्या दिवशी सकाळी पाऊस आला आणि थोडा वेळ आपल्या सगळ्यांच्या पोटात गोळा आला, हे मान्य. तो धोका या रस्त्यावर कायमचा आहे.

आता तू कोलकाता 2001 काढशील आणि म्हणशील, बघ, तिथे गोलंदाज दमले म्हणून ऑस्ट्रेलिया हरली, म्हणजे तुझाच मुद्दा. तसं नाहीये. भारताचा पहिला डाव 171 वर संपला तो फक्त 58 षटकांत, आणि तोही एका रात्रीच्या विश्रांतीसह. आघाडी 274. मॅकग्रा, गिलेस्पी, वॉर्न, कॅस्प्रोविच ताजेतवाने होते. माझ्या फूटपट्टीनेसुद्धा स्टीव्ह वॉचा निर्णय चूक ठरत नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये वेलिंग्टनला स्टोक्सने न्यूझीलंडला फॉलोऑन दिला, तिथेही पहिला डाव 53 षटकांत गुंडाळला होता. इंग्लंड एका धावेने हरलं.

मला वाटतं, इथेच कर्णधार फसतात. समोरचा संघ पन्नास-साठ षटकांत बाद झाला की गोलंदाज ताजे असतात हे खरं, पण खेळपट्टीही तेवढीच ताजी असते. एका वाईट सत्राने घात केलेला असतो, आणि तेच फलंदाज तासाभरात पुन्हा येतात ते चटका खाऊन सावध झालेले. मग लक्ष्मण-द्रविडसारखी जोडी जमली की चौथ्या दिवशी दिवसभरात एकही गडी पडत नाही, 335 धावा होतात, आणि वॉला पाँटिंग, हेडन, स्लेटर यांच्याकडे चेंडू द्यावा लागतो. कारण फॉलोऑनचा निर्णय एकदा कळवला की तो मागे घेता येत नाही. पुन्हा फलंदाजी करणारा कर्णधार हवं तेव्हा डाव सोडू शकतो. फॉलोऑन देणाऱ्याला मात्र दहावा गडी पडेपर्यंत किंवा समोरच्याला दया येईपर्यंत गोलंदाजी करणं भाग. भारताने 178 षटकं खेळून 7 बाद 657 वर दया दाखवली, आणि पाचव्या दिवसाच्या त्या वळणाऱ्या खेळपट्टीवर हरभजनसमोर कोण होतं ते तुला माहीत आहे.

गोलंदाज दमलाय हे कर्णधाराला धावफलकावरून कळत नाही, नजर हवी. वेगवान गोलंदाज आधी टप्पा गमावतो, वेग नंतर. चेंडू हातभर आखूड पडायला लागतो, फलंदाज मागच्या पायावर जाऊन आरामात खेळतो, रन-अपकडे परतताना गोलंदाजाची पावलं जड होतात, टाकून झाल्यावरची धाव दोन पावलांत थांबते. फिरकी गोलंदाजाचं वेगळं : तो चेंडू हवेत सोडायचं धाडस गमावतो. चेंडू सपाट आणि जलद यायला लागला, की समज की खांदा बोलतोय. पहिल्या डावाच्या शेवटच्या दहा षटकांत हे दिसलं तर आघाडी 350 असली तरी मी पॅड बांधायला सांगेन.

आणि तुझ्या बाजूचं एक, म्हणजे तू मला एकांगी म्हणू नयेस. पुणे 2019. दक्षिण आफ्रिकेने फिलँडर आणि महाराजच्या जिवावर शंभराहून जास्त षटकं खेळून काढली. माझ्या नियमाने फॉलोऑन नको. पण शेवटचा गडी पडला तो तिसऱ्या दिवसाचा खेळ संपता संपता. गोलंदाज रात्रभर झोपले, सकाळी कोहलीने 326 च्या आघाडीवर फॉलोऑन दिला, नवा चेंडू ताज्या हातात आला आणि आफ्रिका 189 मध्ये संपली. तोच गडी दुपारी दोनला पडला असता तर? मी नसता दिला.

उलट टोकाचं उदाहरणही आपलंच आहे. ओव्हल 2007, आघाडी 319, द्रविडने फॉलोऑन दिला नाही. इथवर ठीक. पण मग पुन्हा फलंदाजी करायची तर भराभर करायची ना! त्याने स्वतः 96 चेंडूंत 12 धावा काढल्या. इंग्लंडने 6 बाद 369 करून सामना वाचवला. मालिकेत आपण 1-0 ने पुढे होतो, त्यामुळे अनिर्णित चालणार होतं, पण तो सामना जिंकायचा होता असं मला आजही वाटतं. तिथे विश्रांती मिळाली, षटकं मात्र फुकट गेली.

पाऊस असेल तर माझं सगळं गणित उलटतं, तिथे तुझ्याशी भांडण नाही. उरलेली षटकं दोनशेवरून सव्वाशेवर आली तर चाळीस षटकं फलंदाजीत घालवणं परवडत नाही, आणि पहिला दिवस पूर्ण वाहून गेला तर नियमच 200 ऐवजी 150 ची आघाडी पुरेशी मानतो. तशा वेळी दमलेल्या पायांनीही टाकायचं.

आता तू मला एवढंच सांग : दिल्लीत तिसऱ्या दिवशी दुपारी तू कर्णधार असतास, आणि सिराज तुझ्याकडे येऊन म्हणाला असता, “अजून दहा षटकं टाकतो,” तर तू त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला असतास की त्याच्या टप्प्यावर? पत्रानेच उत्तर दे, फोनवर नको.

तुझा,
मकरंद