पुराच्या रात्रीच्या फोनसाठी तीस माणसं हवी आहेत

सांगलीकरांनो,

पावसाळ्यात आपल्या भागातले लोक रात्री-अपरात्री ज्या नंबरवर फोन करतात, तो फोन यंदा १५ जुलै ते १५ सप्टेंबर रोज रात्री नऊ ते सकाळी सात चालू ठेवायचा आहे. खोलीत कायम दोन माणसं असतील, एक कधीच नाही. त्यासाठी आमच्या मंडळाकडे आज १९ जण आहेत आणि अजून ३० लागतात. कशाला एवढे, हे सविस्तर सांगतो, कारण दरवेळी पहिला प्रश्न तोच येतो.

जुलै २०२१ च्या पुरात आम्ही एकेक माणूस बसवत होतो. त्यातल्या एका रात्री मी होतो. पावणेतीनला कर्नाळ रोडवरून एका मुलाचा फोन आला. आजी अंथरुणाला खिळलेली, घरात ऑक्सिजनचं मशीन आणि लाइट गेलेली. खालच्या मजल्यावर पाणी. मी पत्ता घेतला, फोन ठेवला आणि बोटीसाठी नियंत्रण कक्षाला लावायला घेतलं. तेवढ्या दहा मिनिटांत आमचाच नंबर बिझी. त्या पोराने दोनदा लावून बघितलं, लागला नाही. मला पलीकडून उत्तर मिळालं, ‘नोंद केली, उजाडल्यावर बोट निघेल.’ चार वाजता माझ्या जागी दुसरे गृहस्थ आले. मी चप्पल घालता घालता म्हणालो, ‘कर्नाळ रोडचं सांगितलंय.’

मला म्हणायचं होतं, बोटवाल्यांना सांगितलंय, उजाडल्यावर परत विचारा. त्यांनी ऐकलं ते असं, की काम झालंय. सव्वासहाला त्या मुलाचाच परत फोन आला, तेव्हा कळलं की तिकडे कोणी फिरकलंच नाही. शेवटी गल्लीतल्या पोरांनी आजींना खाटेसकट उचलून बाहेर काढलं. आजी वाचल्या, त्यात आमचा काही वाटा नाही. चूक नियंत्रण कक्षाची नाही, चार वाजता आलेल्या गृहस्थांचीही नाही. माझी आहे.

तेव्हापासून आमच्या रजिस्टरमध्ये ‘सांगितलंय’ हा शब्द लिहायला बंदी आहे. कोणाला सांगितलं, किती वाजता, ते काय म्हणाले आणि आपण पुन्हा कधी विचारायचं, या चार गोष्टी लिहायच्या. तीच नोंद आता अशी झाली असती: ‘२.५५, नियंत्रण कक्ष, बोट उजाडल्यावर म्हणाले. ५.३० ला पुन्हा फोन करणे. तोवर दर तासाला घरच्यांना फोन, मशीनची बॅटरी किती उरली ते विचारणे.’ आणि तिला लाल पेनाने चौकट. चौकट मोडायची ती माणूस सुखरूप बाहेर आल्याचं घरच्यांकडून ऐकल्यावरच. बोट निघाली म्हणून मोडायची नाही.

आता दोन माणसांचं. फोन दोन आहेत. पहिला फक्त येणाऱ्या कॉलसाठी, त्यावरून बाहेर लावायचंच नाही. दुसऱ्यावरून १०८, ११२ किंवा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ लावायचा. एक जण घाबरलेल्या माणसाला फोनवर धरून ठेवतो, दुसरा त्याच वेळी मदत हलवतो. आमच्याकडे बोटही नाही आणि अँब्युलन्सही नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांच्या मागे लागणं, एवढंच आमचं काम.

पाळ्या लावताना एक गोष्ट फार उशिरा सुचली. दोघंही एकदम बदलले, तर पुन्हा तोच घोळ, दोन नवी माणसं आणि एक रजिस्टर. म्हणून पाळ्या तिरप्या लावल्यात. नऊला दोघं बसतात. त्यातला एक अकराला उठतो, दुसरा एक वाजेपर्यंत थांबतो. अकराला आलेला तीनपर्यंत, एकला आलेला पाचपर्यंत, तीनला आलेला सातपर्यंत, आणि पाचला एक जण शेवटच्या दोन तासांसाठी. म्हणजे दर दोन तासांनी एकच माणूस बदलतो आणि खोलीत निदान एकाला आधीचे दोन तास ठाऊक असतात. रात्रीला सहा जण, आठवड्याला ४२ पाळ्या. शिवाय रोज एक जण घरी राखीव. प्रत्येकाला आठवड्यातून एकच रात्र द्यायची तर ४९ माणसं होतात. आज १९ जणांवर तोच ४९ जणांचा भार आहे. सलग तीन आठवडे असं जागल्यावर माणूस खुर्चीत पेंगतो, आणि पेंगणाऱ्याला आपण पेंगतोय हे कळत नाही.

येणाऱ्याने पंधरा मिनिटं आधी यायचं. जाणाऱ्याने लाल चौकटी वाचून दाखवायच्या, मग येणाऱ्याने त्या आपल्या शब्दांत परत सांगायच्या. नुसतं ‘हो, कळलं’ चालत नाही. सांगताना अडखळला तर तिथेच सापडतं. मग दोघांच्या सह्या. फोन चालू असेल तर तो संपेपर्यंत पाळी बदलत नाही, मग घड्याळात काहीही वाजो. आणि बदली आला नाही तर उठायचं नाही, राखीवाला बोलवायचं. यायचं जमणार नसेल त्याने संध्याकाळी सहाच्या आत कळवावं. सातला कळवलं तर राग येणार, हे आधीच सांगून ठेवतो.

‘घरूनच घेतो की फोन,’ असं बरेच जण म्हणतात. घरी रजिस्टर नसतं आणि शेजारी दुसरा माणूस नसतो, म्हणून नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न ‘पाणी किती?’ हाच असतो. आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही माहीत आहे. आपण फक्त अधिकृत आकडा आणि तो किती वाजताचा आहे ते सांगायचं. वेळेशिवाय आकडा सांगायचा नाही. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा तीन तासांपूर्वीचे आकडे ताजे म्हणून फिरत होते. ‘अजून वाढेल का’ याला आपल्याकडे उत्तर नाही, आणि अंदाज सांगायचा मोह फार होतो. घर सोडायचं का, असं कोणी विचारलं तर मात्र घरात म्हातारं, आजारी, लहान कोण आहे ते विचारून, उजेड असताना निघा म्हणायचं.

खोली विश्रामबागेत उंचावर आहे. बायकांना रात्री एक किंवा तीनला घरून यायला लावणार नाही. अकरापर्यंत येऊन आतल्या खोलीत झोपा, वेळ झाली की उठवू. नऊ ते अकरा दुकान बंद करून येणाऱ्यांना बरं पडतं. पाच ते सात ही पाळी पहाटे फिरायला जाणाऱ्या काकांसाठीच ठेवली आहे असं समजा, आणि तिलाच माणसं मिळत नाहीत. पहिल्या दोन रात्री जुन्या माणसाशेजारी तिसरे म्हणून बसायचं, फोन उचलायचा नाही, नुसतं ऐकायचं.

वस्तूंमध्ये इन्व्हर्टरची बॅटरी ही एकच मोठी गरज आहे. बाकी दोन साधे बटणांचे मोबाइल, एक खाट, मच्छरदाणी, जाड पुठ्ठ्याची सहा रजिस्टरं आणि चहा-साखर. रोख दिलीत तर पावती मिळेल आणि हिशेब दर रविवारी मंडळाच्या फळ्यावर लागेल.

नाव द्यायला मंडळाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत या. येताना कोणती रात्र आणि कोणती वेळ जमेल ते ठरवून या. ‘कधीही बोलवा’ असं म्हणणाऱ्याला तक्त्यात कुठे बसवायचं ते आम्हाला कळत नाही.

आपला,
रात्रीच्या पाळ्या लावणारा कार्यकर्ता, सांगली